फवारा फिरायचाच बंद झाला, माझा अनुभव

अंगणातला दोन वाकड्या नळ्यांचा फवारा मंद फिरायला लागला म्हणून मी शहाणपणा करून टोकांची 3 मिमीची भोकं ड्रिलने 4 मिमी केली, म्हटलं पाणी जास्त तर जोर जास्त, आणि तो चक्क थांबलाच! बादली लावून बघितलं तर पाणी तेवढंच, मिनिटाला 6 लिटर, कारण पाईपच लांब आणि बारीक. म्हणजे धारेचा वेग सेकंदाला 7 मीटरवरून 4 वर आला, आणि फिरवणारा जोर म्हणजे पाणी गुणिले वेग गुणिले नळीची लांबी, तोही तितकाच पडला.

खरा दोष मधल्या बेअरिंगमध्ये होता, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं, 3 मिमीची नवीन टोकं बसवली, आता मस्त फिरतो.

बाकी तो वेग वाढत का जात नाही? टोक मागे पळतं तसा धारेचा जमिनीच्या हिशोबाने वेग कमी होतो, जोरही घटतो, आणि जिथे तो घर्षणाएवढा होतो तिथे वेग स्थिर. घर्षण शून्य असतं तरी 15 सेंमीच्या नळीला मिनिटाला साधारण 450 फेऱ्यांच्या वर जाता आलं नसतं.