ब्लू टिक आणि गिव्हअवेचे खोटे मेसेज: या चुका टाळा

इन्स्टाग्रामवर रेसिपी किंवा रांगोळीचे रील टाकणाऱ्या ओळखीच्या लोकांची चोरीला गेलेली अकाउंट परत मिळवण्यासाठी मी मदत करतो आणि दर वेळी त्याच चुका समोर येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फोनवर आलेल्या लिंकचा स्क्रीनशॉट दुसऱ्याला पाठवणे. माझ्या मावसबहिणीला मैत्रिणीच्या अकाउंटवरून मेसेज आला: "गिव्हअवेसाठी मला मते हवी आहेत. तुला एक लिंक येईल, ती उघडू नकोस, फक्त स्क्रीनशॉट पाठव." मैत्रिणीचे अकाउंट आदल्या दिवशीच चोरीला गेले होते, हे तिला ठाऊक नव्हते. एसएमएस मात्र खरोखर इन्स्टाग्रामकडून आला होता आणि लिंक उघडायचीच नसल्यामुळे तिला धोका वाटला नाही. प्रत्यक्षात चोराने लॉगिनच्या पानावर तिचे यूजरनेम टाकून पासवर्ड विसरल्याचे सांगितले होते, त्यामुळे आलेली `https://ig.me/` ने सुरू होणारी ती लिंक म्हणजे तिच्या अकाउंटची किल्लीच होती. चित्रातली अक्षरे पाहून त्याने ती टाइप केली, ईमेल व फोन नंबर बदलले आणि स्वतःचे टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारे कुलूप, चालू केले.

ईमेल बदलल्याची सूचना जुन्या पत्त्यावर येते आणि तिच्यात बदल रद्द करण्याची लिंक असते, पण बहिणीने ती रात्री पाहिली, तोवर उशीर झाला होता. शेवटी `https://www.instagram.com/hacked` येथे व्हिडिओ सेल्फी देऊन अकाउंट परत मिळाले. तिच्या रीलमध्ये तिचा चेहरा होता म्हणून हे जमले; केवळ ताटांचे फोटो टाकणाऱ्यांना चेहरा जुळवण्याचा हा मार्ग उपयोगी पडत नाही. म्हणून लिंक किंवा कोड मागणारा मेसेज आला, तर त्या मैत्रिणीला आधी स्वतः फोन करा, असे मी सर्वांना सांगतो. दोन मिनिटे थांबवत नाही म्हणून लोक अकाउंट गमावतात, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी चूक ब्लू टिकच्या फॉर्मची आहे. २०२३ पासून मेटा व्हेरिफाइडची टिक पैसे भरून ॲपच्या सेटिंगमधूनच घेता येते. "२४ तासांत फॉर्म भरा" असे सांगणारा मेसेज इन्स्टाग्रामचा नसतो, पाठवणाऱ्याच्या नावात 'सपोर्ट' असले तरीही. पत्ता वाचताना `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे. `https://instagram.com.badge-form.example/apply` या पत्त्याचा मालक `badge-form.example` आहे, इन्स्टाग्राम नव्हे. ईमेल आला असेल, तर अकाउंट्स सेंटरमधील पासवर्ड आणि सुरक्षेच्या विभागात इन्स्टाग्रामने अलीकडे पाठवलेल्या ईमेलची यादी असते, ती पाहावी. त्या यादीत नसलेला ईमेल मी उघडतही नाही.

बक्षिसासाठी आधी 'कुरिअरचे पैसे' मागणाऱ्याला उत्तरच देऊ नये.

टू-फॅक्टरचे बॅकअप कोड मी कागदावर लिहून कपाटात ठेवतो, कारण त्यांचा स्क्रीनशॉट फोनमध्येच ठेवणारे लोक फोन हरवल्यावर कोडही गमावून बसतात.