७३ ला पीक दिसला म्हणून लगेच नायट्रोजन लिहू नका

एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये मला एक अननोन आला होता, जीसी-एमएसची प्रिंट हातात, सगळ्यात उजवीकडचा पीक ७३ ला, सगळ्यात उंच ५९ ला. ७३ विषम, विषम म्हणजे नायट्रोजन, चला झालं, डायइथाइलअमाइन लिहून मोकळी झाले कारण त्याचं वजन बरोब्बर ७३. सरांनी प्रिंट बघितली आणि एवढंच विचारलं, "७३ मधून ५९ कसं आलं गं?" आणि माझी बोलती बंद.

आधी विषम वजन म्हणजे नायट्रोजन हा नियम कुठून येतो ते बघा, पाठ करायची गरजच नाही. मिथेन १६, अमोनिया १७, पाणी १८. कार्बन, ऑक्सिजन, सल्फर यांचं वजन सम आणि व्हॅलन्सीही सम, त्यामुळे त्यांना लागणाऱ्या हायड्रोजनची (क्लोरीन-ब्रोमीन असतील तर ते धरून) संख्या समच येते आणि एकूण वजनही सम. नायट्रोजन तेवढा आडमुठा, वजन १४ म्हणजे सम पण हात तीन, मग प्रत्येक नायट्रोजनमागे हायड्रोजनचा हिशोब एकाने हलतो. म्हणून एक किंवा तीन नायट्रोजन असले की एम प्लस, म्हणजे न तुटलेल्या अख्ख्या रेणूचा पीक, विषम. आणि सम आला तर शून्य, दोन, चार काहीही असू शकतं हे बरेच जण विसरतात. निकोटिन १६२ आहे, त्यात दोन नायट्रोजन, कॅफिन १९४, त्यात चार. सम बघून 'नायट्रोजन नाही' लिहिलंत की मार्क गेले.

आता माझी चूक. नियम एम प्लसला लागतो, आणि सगळ्यात उजवीकडचा पीक म्हणजे एम प्लस असं मी गृहीतच धरलं होतं. ७३ वजा ५९ म्हणजे १४. रेणूमधून एकदम १४ तुटून जात नाही, मिथाइल गेला तर १५ जातात, पाणी १८, इथाइल २९. म्हणजे ७३ आणि ५९ हे एकमेकांचे बाप-लेक नव्हतेच, दोघे भाऊ होते आणि बाप प्रिंटवर दिसतच नव्हता. शिवाय ७० ला एक बारीकसा पीक होता जो मी कचरा समजून सोडून दिलेला, ७३ मधून ३ कसे जातील? मग सरांनी मला ८८ धरून बघायला लावलं: ८८ वजा १५ म्हणजे ७३, वजा १८ म्हणजे ७०, वजा २९ म्हणजे ५९. सगळं जागेवर. पदार्थ होता २-मिथाइल-२-ब्युटॅनॉल, टर्शरी अल्कोहोल, ह्यांचा एम प्लस इतका पटकन तुटतो की बहुतेक वेळा दिसतच नाही. वजन ८८, सम, नायट्रोजन शून्य.

खरं डायइथाइलअमाइन असतं तर उंच पीक ५८ ला आला असता, ७३ मधून मिथाइल जाऊन. साध्या तुटीत, म्हणजे एक बॉंड तुटून रॅडिकल बाहेर पडलं की, सम-विषम उलटं होतं: नायट्रोजन नसलेला तुकडा विषम (४३, ५९, ७३), एक नायट्रोजन असलेला सम (३०, ५८). पाण्यासारखा अख्खा रेणू बाहेर पडला तर उलटत नाही, म्हणूनच तो ७० सम होता. (आणि खरं तर ओला लाल लिटमस बाटलीच्या तोंडाशी धरला असता तरी दोन मिनिटात कळलं असतं की हे अमाइन नाही, पण प्रिंट हातात आली की कोण लिटमस शोधतंय.)

नंतर नोकरीत एलसी-एमएसवर आले तेव्हा परत गोंधळ झाला, कारण तिथे दिसतो तो एम नसतो, [M+H]+ असतो, म्हणजे रेणूला एक प्रोटॉन चिकटलेला. पॅरासिटामॉलचं वजन १५१, एक नायट्रोजन, पण पॉझिटिव्ह मोडला पीक १५२ ला. सम दिसला म्हणून नायट्रोजन नाही म्हणाल तर फसाल. आधी एक वजा करा, मग नियम लावा. १७४ ला जोडीदार दिसतोय का तेही बघा, २२ चा फरक म्हणजे प्रोटॉनच्या जागी सोडियम आणि मग १५२ हाच [M+H]+ याची बऱ्यापैकी खात्री होते.

अजून एक, मोठ्या रेणूंना अचूक वजन राउंड करून नियम लावू नका. हायड्रोजन नेमका १ नसतो, १.००७८ असतो आणि ते साठत जातं. C36H74 चं पूर्णांकी वजन ५०६, पण अचूक वजन ५०६.५८, राउंड केलंत की ५०७, आणि साध्या मेणासारख्या अल्केनमध्ये तुम्हाला नायट्रोजन दिसायला लागतो. ५०० च्या वर गेलात की सरळ अचूक वजनावरून फॉर्म्युला काढा, सम-विषम त्या फॉर्म्युल्यावर तपासा.