स्क्रमचं सर्टिफिकेट घेताय? आधी या चुका टाळा

'दादा, सीएसएम करू की डायरेक्ट ॲडव्हान्स्ड?' हा मेसेज मला अधूनमधून येतच असतो. सीएसएम म्हणजे स्क्रम अलायन्स या संस्थेचं 'सर्टिफाइड स्क्रम मास्टर' हे सर्टिफिकेट. स्क्रम ही सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, करायची पद्धत, आणि ती टीमला नीट वापरायला शिकवणारा तो स्क्रम मास्टर. विचारणारा बहुतेक वेळा टेस्टिंगमध्ये किंवा सपोर्टमध्ये चार-पाच वर्षं काढलेला असतो आणि त्याला आता स्क्रम मास्टर व्हायचं असतं. मी पुण्यात बरीच वर्षं या पदासाठी मुलाखती घेतोय. त्याच त्या चुका बघून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

आधी मुळातला प्रश्न: कंपन्या या सर्टिफिकेटला किंमत देतात का? देतात, पण कोण देतं ते बघा. रिक्रूटर नोकरीच्या पोर्टलवर 'सीएसएम' टाइप करून शोधतो. तो शब्द तुमच्या रेझ्युमेत नसेल तर तुम्ही त्याला दिसतच नाही. दुसरा परदेशी क्लायंट. सर्व्हिस कंपनी त्याला माणूस देते, तेव्हा 'सर्टिफाइड स्क्रम मास्टर' ही अट कधीकधी करारातच असते. मग तुम्ही कितीही हुशार असा, कागदाशिवाय बिलिंग सुरू होत नाही. तिसरे आम्ही, पॅनेलवाले. आमच्यासमोर बसल्यावर त्या कागदाचं काम संपलेलं असतं. थोडक्यात, ते गेटपास आहे, पगारवाढीचं पत्र नाही. आणि गेटही आता अरुंद झालंय. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अजाइलच्या, म्हणजे स्क्रमसारख्या पद्धती राबवणाऱ्या, अकराशेहून जास्त जागा रद्द केल्या आणि ते काम इंजिनिअर आणि प्रॉडक्टवाल्यांकडे दिलं. नुसतं 'स्क्रम मास्टर' एवढ्यावर करिअर उभं करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

अनुभवाआधी वरची पायरी

ही माझी सगळ्यात नावडती चूक. मध्यंतरी एक मुलगा मुलाखतीला आला होता. रेझ्युमेत सगळ्यात वर ए-सीएसएम, म्हणजे स्क्रम अलायन्सची सीएसएमच्या पुढची पायरी. तिला स्क्रम मास्टर म्हणून किमान बारा महिन्यांचा अनुभव लागतो. त्याच्याकडे कागदावर चौदा महिने होते. मी प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्याचा, नेहमीचा प्रश्न विचारला: 'दोन आठवड्यांचा स्प्रिंट, आज सहावा दिवस. प्रॉडक्ट ओनर फोन करून म्हणतो, या दोन स्टोऱ्या आत घ्या. काय कराल?'

'सर, स्प्रिंट चालू असताना स्कोप बदलता येत नाही.'

हे उत्तर चूक आहे. स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या मूळ नियमपुस्तिकेत, असं कुठेच लिहिलेलं नाही. स्प्रिंट गोल धोक्यात येईल असे बदल करू नयेत, असं तिथे म्हटलंय. स्कोपबद्दल प्रॉडक्ट ओनरशी बोलून नव्याने ठरवता येतं. म्हणजे खरा प्रश्न गोलचा आहे. म्हणून मी त्याला विचारलं, 'तुमच्या मागच्या स्प्रिंटचा गोल काय होता?'

तो थोडा थांबून म्हणाला, 'सगळ्या स्टोऱ्या वेळेत पूर्ण करणं.'

तिथेच कळलं. 'सगळ्या स्टोऱ्या संपवणं' हा गोल नव्हे, ती नुसती कामांची यादी. 'ग्राहकाला मोबाइलवरून रिफंडची मागणी करता यावी' हा गोल. तो असेल तर नव्या दोन स्टोऱ्या त्याला मदत करतात की आड येतात हे टीमला ठरवता येतं, आणि एखादी जुनी स्टोरी बाहेर काढून जागाही करता येते. गोलच नसेल तर सहाव्या दिवशी आलेल्या फोनला एकच उत्तर उरतं, हो किंवा नाही. आणखी खोदल्यावर कळलं की चौदा महिने तो मीटिंगची निमंत्रणं पाठवत होता आणि जिरा या सॉफ्टवेअरवरचा कामांचा बोर्ड अपडेट करत होता.

वाईट याचं वाटतं की नुसत्या सीएसएमवर आला असता तर आम्ही त्याचा ज्युनिअर जागेसाठी विचार केला असता. ए-सीएसएम बघून एचआरने त्याला सीनिअरच्या रांगेत लावलं, प्रश्नही त्याच पातळीचे आले, आणि तो पडला. रेझ्युमेत जी पायरी लिहाल, त्याच पायरीवर उभं करून तुम्हाला विचारलं जातं.

मग वरची पायरी कधी घ्यायची? माझा हिशोब साधा आहे. स्वतःच्या टीममधल्या तीन गोष्टी नावं न घेता सांगता आल्या पाहिजेत: प्रॉडक्ट ओनरला कधी अडवलं, कुठला गोल हुकला आणि का, आणि रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंटअखेरच्या आढाव्यात, ठरलेली कुठली गोष्ट तीन स्प्रिंटनंतरही टिकून होती. मी प्रत्येक रेट्रोनंतर वहीत एक ओळ लिहितो. वर्षभराच्या वहीत या तीन गोष्टी सापडल्या तर पैसे भरा. पीएसएम-२, म्हणजे स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेची वरची परीक्षा, तिची गंमतही इथेच आहे. नव्वद मिनिटांत तीसच प्रश्न, पण बरेचसे प्रसंगावर आधारलेले. ज्याने तसे प्रसंग भोगलेच नाहीत त्याला दोन-दोन पर्याय बरोबर वाटत राहतात.

डम्प पाठ करणं

पीएसएम-१ या त्याच संस्थेच्या पहिल्या परीक्षेला कोर्स सक्तीचा नाही, म्हणून शॉर्टकटवाले तिकडे वळतात. साठ मिनिटांत ऐंशी प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के, म्हणजे अडुसष्ट बरोबर. एका प्रश्नाला जेमतेम पंचेचाळीस सेकंद मिळतात. माझ्या टीममधल्या एकाने टेलिग्रामवरून प्रश्नसंच, म्हणजेच डम्प, मिळवला, चार रात्री जागून पाठ केला आणि नापास झाला. तो संच मी बघितला. 'डेव्हलपमेंट टीममध्ये तीन ते नऊ जण', 'डेली स्क्रमचे तीन प्रश्न', सगळं २०१७ च्या गाइडमधलं. २०२० च्या गाइडमध्ये 'डेव्हलपमेंट टीम' ही वेगळी टीमच राहिली नाही, नुसते 'डेव्हलपर्स' आहेत. अख्खी स्क्रम टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची, आणि ते तीन प्रश्न काढून टाकलेत. फी पुन्हा भरावी लागली, तीही डॉलरमध्ये. जेमतेम तेरा-चौदा पानांचं गाइड फुकट मिळतं, ते वाचायचा यांना कंटाळा! ते तीनदा वाचा, मग स्क्रम डॉट ऑर्गची मोफत ओपन परीक्षा सलग पाच वेळा शंभर टक्क्यांनी येईपर्यंत देत राहा. मी तसंच केलं होतं.

बाकीच्या, पटकन

सीएसएम घ्यायचं की पीएसएम-१ यावर महिनाभर घोळ घालणं. तुम्हाला हव्या त्या वीस जाहिराती उघडा आणि मोजा. सीएसएमचं नाव घेऊन मागणाऱ्या जास्त असतील तर दोन दिवसांचा कोर्स करा. 'कुठलंही अजाइल सर्टिफिकेट' असेल तर पीएसएम-१ पुरतं, शिवाय ते संपत नाही.

सीएसएमची मुदत विसरणं. दर दोन वर्षांनी शंभर डॉलर आणि वीस एसईयू, म्हणजे शिकण्यात घालवलेल्या तासांचे पॉइंट, लागतात. पडताळणीच्या लिंकवर 'एक्स्पायर्ड' दिसलं की एचआरचा चेहरा बदलतो.

जाहिरातीत सेफ, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठीच्या अजाइल पद्धतीचं सर्टिफिकेट, मागितलेलं नसताना ते करणं. त्याची मुदत तर वर्षाचीच.

कंपनीच्या पैशाने कोर्स करताना कागद न वाचता सही करणं. अमुक महिन्यांच्या आत राजीनामा दिलात तर फी परत द्यावी लागेल, अशी ओळ त्यात बऱ्याचदा असते, आणि ती शेवटच्या पानावर असते.