फ्रेम वाढवल्या आणि फॉल्टही वाढले: फिफोतल्या ज्या एका ओळीनं मला फसवलं

मुलाखतीच्या आदल्या रात्री मी फिफोचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि बेलाडीची ती ठरलेली मालिका त्यात घातली. उत्तर आलं: तीन फ्रेमना १० फॉल्ट, चार फ्रेमना ८. म्हणजे फ्रेम वाढली, फॉल्ट कमी झाले, फ्रेम वाढवूनही फॉल्ट वाढण्याच्या अनॉमलीचा पत्ताच नाही. मालिका चुकीची उतरवली असेल म्हणून दोनदा तपासली. ती बरोबर होती. मग मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी ९ आणि १० हे ‘खरे’ आकडे पाठ केले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी आकडे विचारलेच नाहीत. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “सातव्या पेजनंतर दोन्ही रांगा कशा दिसतात, काढून दाखवा.” मला काढता आल्या नाहीत.

पेज फॉल्ट, फ्रेम, फिफो, एलआरयू हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालते. बेलाडी, नेल्सन आणि शेडलर यांनी १९६९ मध्ये दाखवलेली ही विसंगती नीट कळायला एकच मालिका पुरते, आणि ती पाठ असलेली बरी:

```
1 2 3 4 1 2 5 1 2 3 4 5
```

आधी तीन फ्रेम. १, २, ३ आत येतात, तीन फॉल्ट. ४ येताना १ बाहेर जातं, पुन्हा १ येताना २ जातं, पुन्हा २ येताना ३ जातं. सहा पेजं झाली आणि सहाही वेळा फॉल्ट. वाईट दिसतंय, पण रांगेकडे बघा: पुढे ४, मग १, मग २. आता ५ आलं की ४ बाहेर. त्यामुळे नंतरचे १ आणि २ फुकटात मिळतात. मग ३ आणि ४ ला फॉल्ट, आणि शेवटचं ५ आतच असतं. एकूण ९.

आता चार फ्रेम. १ ते ४ आत, चार फॉल्ट. पुन्हा १ आणि २ आले, दोन्ही आतच आहेत, हिट. इथपर्यंत चार फ्रेमवाला पुढे आहे: त्याचे चार फॉल्ट, तीनवाल्याचे सहा. आता ५ आलं. कोण बाहेर जाणार?

इथे थांबा आणि स्वतः उत्तर द्या. माझी चूक नेमकी इथेच झाली होती.

उत्तर आहे १. आत्ताच वापरलेलं १. कारण फिफोला ‘आत्ताच वापरलेलं’ ही गोष्टच माहीत नाही. तो फक्त एवढंच बघतो की पेज मेमरीत आलं कधी. १ सगळ्यात आधी आलं, मध्ये त्याचा हिट झाला तरी रांगेतली त्याची जागा तसूभरही हलली नाही. म्हणून ५ साठी १ जातं. आणि लगेच पुढचं पेज कोणतं? १. त्यासाठी २ जातं. पुढचं पेज? २. प्रत्येक वेळी नुकतंच हाकललेलं पेजच पुढे उभं. शेवटपर्यंत सलग सहा फॉल्ट, एकूण १०.

मी प्रोग्राममध्ये काय केलं होतं ते आता सांगते. पेज आत सापडलं की मी या दोन ओळी चालवत होते:

```python
if p in q:
    q.remove(p)
    q.append(p)
```

वापरलेलं पेज रांगेच्या शेवटी नेणं मला इतकं साहजिक वाटलं की आपण काही ठरवतोय हेही लक्षात आलं नाही. पण हिटनंतर पेज मागे नेणारी रांग फिफो नसते, ती एलआरयू असते. मी फंक्शनला नाव `fifo` दिलं होतं आणि आत एलआरयू लिहिला होता. खऱ्या फिफोत हिट झाला की काहीच करायचं नसतं:

```python
def fifo(refs, n):
    q, faults = [], 0
    for p in refs:
        if p in q:
            continue
        faults += 1
        if len(q) == n:
            q.pop(0)
        q.append(p)
    return faults
```

तुमच्या ‘फिफो’नं या मालिकेवर १० आणि ८ दिले, तर तुम्हीही हेच केलंय. ९ आणि १० आले तर ठीक. कागदावर सोडवतानाही ही चूक होते, आणि तिथे ती पकडायला जास्त अवघड, कारण हात आपोआप खोडून पुन्हा लिहितो. म्हणून रांग वेगळी लिहा. चौकोनांमधली पेजं आणि रांगेतला क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खरं कोडं. जास्त जागा असलेला हरतो कसा? मला एका सीनियरनं सांगितलं होतं, “फिफोत अनॉमली असते, एलआरयूत नसते, बास.” असे सल्ले देणारे लोक प्रेमळ असतात हे मान्य, पण ‘बास’ म्हणून थांबणाऱ्याकडून ऑपरेटिंग सिस्टिम शिकू नये असं माझं ठाम मत झालंय.

सहाव्या पेजनंतर दोन्ही रांगा शेजारी ठेवा, डावीकडचं आधी बाहेर जाणार:

```
3 frames:  4 1 2
4 frames:  1 2 3 4
```

तीनवाल्याकडे जे आहे ते सगळं चारवाल्याकडे आहे, वर ३ जास्तीचं. तक्रारीला जागा नाही. पण क्रम पाहा. तीनवाल्यानं १ आणि २ गमावले होते, ते परत आणावे लागले, आणि परत आणताना ते रांगेच्या शेवटी बसले. म्हणजे त्याच्या फॉल्टनंच त्यांना ताजं केलं. चारवाल्यानं ते कधी गमावलेच नाहीत, म्हणून त्याच्या लेखी ते सगळ्यात जुने. ५ आल्यावर तीनवाला ४ काढतो, चारवाला १ काढतो. आता लहान मेमरीत १ आहे आणि मोठीत नाही. जास्त जागेचा उपयोग इथे उलटा झाला: चारवाल्याचे हिट झाले, आणि हिटची नोंद फिफो ठेवत नाही.

हिशेबही जुळतो. पाचव्या आणि सहाव्या पेजला चारवाल्यानं दोन फॉल्ट वाचवले. आठव्या, नवव्या आणि बाराव्या पेजला तीनवाल्याचा हिट झाला आणि चारवाल्याचा फॉल्ट, म्हणजे तीन गमावले. ९ मधून २ गेले, ३ आले, १०. हे एकदा हातानं केलं की आकडे पाठ करायची गरज उरत नाही.

एलआरयूत हे का होऊ शकत नाही, ते याच जागेवरून दिसतं. एलआरयूचा क्रम कशावर ठरतो? फक्त कोणतं पेज शेवटचं कधी वापरलं यावर. हिट असो वा फॉल्ट, वापर झाला की पेज सगळ्यात पुढे. हा क्रम फ्रेम किती आहेत त्याकडे बघतच नाही. मालिका तीच, तर क्रम तोच. तीन फ्रेममध्ये त्या यादीतली पहिली तीन पेजं असतात, चार फ्रेममध्ये पहिली चार. पहिल्या चारांत पहिली तीन असणारच. म्हणून लहान मेमरीत जे सापडतं ते मोठीतही सापडतंच, प्रत्येक पावलावर. मोठीत फॉल्ट आला तर लहानीतही आलाच पाहिजे. असा गुण असलेल्या पद्धतींना स्टॅक अल्गोरिदम म्हणतात. १९७० मध्ये मॅटसन आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना नीट मांडली.

याचा एक उपयोग मला फार आवडतो. एलआरयूसाठी प्रत्येक फ्रेमसंख्येला वेगळा प्रोग्राम चालवायची गरज नाही. पेज पुन्हा आलं की यादीत ते कितव्या जागी होतं एवढंच लिहा. आपल्या मालिकेत पाचवं आणि सहावं पेज चौथ्या जागी सापडतं, आठवं आणि नववं तिसऱ्या जागी, शेवटची तीन पाचव्या जागी. तीन फ्रेममध्ये तिसऱ्या जागेपर्यंतचे दोन हिट, म्हणून १० फॉल्ट. चारमध्ये चार हिट, म्हणून ८. पाचमध्ये सात हिट, म्हणून ५. फ्रेम वाढवल्या की हिटमध्ये भरच पडते, वजाबाकी होणार कशी?

पण दोन गोष्टींत घाईनं बोलू नका, मी बोलले होते. एक, एलआरयूत अनॉमली नाही म्हणजे तो नेहमी फिफोपेक्षा चांगला, असं नाही. याच मालिकेवर तीन फ्रेमना फिफोचे ९ फॉल्ट आहेत आणि एलआरयूचे १०. दोन, फिफोत अनॉमली प्रत्येक मालिकेवर दिसत नाही, आणि दिसली तरी सगळीकडे नाही. या मालिकेवर एक ते पाच फ्रेमना फिफोचे फॉल्ट १२, १२, ९, १०, ५ येतात. एकच उंचवटा. तुमच्या यादृच्छिक मालिकांवर तो सापडला नाही तर प्रोग्राम चुकलाच असं समजून रात्र घालवू नका. आधी वरच्या मालिकेवर ९ आणि १० येतात का ते बघा, आणि येत असतील तर निश्चिंत राहा.

आणखी एक सापळा. खऱ्या सिस्टिममध्ये तंतोतंत एलआरयू क्वचितच असतो, कारण मेमरीच्या प्रत्येक वापराला यादी हलवणं परवडत नाही. त्याऐवजी क्लॉक वापरतात, ज्यात पेजला फक्त एक ‘वापरलं’ बिट असतो, आणि एक काटा १ असलेले बिट पुसत, बिट ० असलेलं पेज शोधत फिरतो. सगळ्या पेजांचा बिट १ असेल तर काटा पूर्ण फिरतो, सगळे बिट पुसतो आणि जिथून निघाला त्याच पेजला काढतो. म्हणजे त्या क्षणी तो निव्वळ फिफो. तेव्हा क्लॉक हा एलआरयूसारखा आहे म्हणून त्याला अनॉमली होणार नाही, असं उत्तर दिलंत तर पुढचा प्रश्न कठीण येईल.

आता मी कोणतीही पद्धत लिहिली की फॉल्ट मोजायच्या आधी दोन आकारांच्या मेमऱ्या सोबत चालवते आणि प्रत्येक पावलावर हे तपासते:

```python
if not set(small) <= set(big):
    print(step)
```

बेलाडीच्या मालिकेवर, तीन आणि चार फ्रेमना, फिफो ७, ८ आणि ११ छापतो. एलआरयू काहीच छापत नाही. त्या रात्री माझ्या `fifo` नंही काहीच छापलं नसतं.