शंभरचं नेट, तरी गेम उतरेना

सोलापुरात होटगी रोडला आमच्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे. स्पीड टेस्ट ९५ दाखवायची, पण स्टीमवर गेम उतरायचा 2 MB/s ने. आता १०० मेगाबिट म्हणजे ८ ने भागून साडेबारा मेगाबाइट. स्टीम बाइटमध्ये मोजतं. म्हणजे दहा-अकरा तरी यायलाच हवे होते.

राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन जाड भिंती, म्हणून आधी संशय वायफायवर. लॅन केबल थेट लॅपटॉपला जोडली, तरी आकडा हलला नाही. वायफाय सुटलं. रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्येही दुसरं काही नेट खात नव्हतं.

मग डीएनएस पाहिला. चुलतभावाने जाहिराती अडवायला कुठलातरी परदेशी डीएनएस टाकून ठेवलेला. डीएनएस स्वतः डाउनलोड करत नाही, फक्त सर्व्हरचा पत्ता सांगतो. पण तो लांब बसला असेल तर पत्ताही लांबच्या सर्व्हरचा देऊ शकतो. स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते, म्हणून तिथे सगळं छान! डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर ठेवला आणि स्टीम पूर्ण बंद करून हे चालवलं:

```
ipconfig /flushdns
```

स्टीमच्या Settings > Downloads मध्ये Download Region मुंबई आहे का तेही पाहिलं, होतं. पुन्हा सुरू केल्यावर 11 MB/s. मधेच शून्यावर येतं तेव्हा ग्राफमधली डिस्कची रेघ बघा, ती वर असेल तर फाइली उलगडणं चालू असतं, नेटचा दोष नाही.