गोल टेबलाचं कोडं: पेन टेकवायच्या आधी

मागच्या वर्षी बँकेच्या पूर्व परीक्षेत माझा एक गोल टेबलाचा संच पूर्ण चुकला. आकृती सुबक आली होती, सगळे बसले होते, आणि तरीही पाचपैकी चार उत्तरं चुकीची. कारण एकच होतं, आणि ते खाली मी तीन-चारदा सांगणार आहे. कंटाळलात तरी वाचा.

पेन, कच्चा कागद, घड्याळाकडे नजर, हे तुम्हाला सांगायला नको. गोल काढा, सहा जण असतील तर सहा रेघा मारा, जागांना घड्याळाच्या दिशेनं 1 ते 6 नंबर द्या. एकाला कुठंही बसवून टाका, कारण गोलाला टोक नसतं. सहा जणांच्या 720 रचना असतात असं वाटतं, पण एक जण पक्का केला की उरतात 120. पहिल्याला कुठं बसवू म्हणून विचार करत बसू नका.

आता डावं-उजवं. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेली माणसं डोळ्यासमोर आणा. पाण्याकडे तोंड करून बसलेल्याचा डावा हात घड्याळाच्या दिशेला येतो, उजवा उलट्या दिशेला. तोच माणूस पाय रस्त्याकडे सोडून बसला की दोन्ही हात उलटे होतात. जागा तीच, शेजारी तेच, पण काल जो उजवीकडे होता तो आज डावीकडे. पाणी म्हणजे केंद्र, रस्ता म्हणजे बाहेर. कोड्यात 'केंद्राकडे तोंड' आणि 'बाहेर तोंड' म्हणजे एवढंच.

हात कुणाचा धरायचा? 'बाळू हा अनिलच्या डावीकडे दुसरा' म्हटलं की 'च्या' ज्या नावाला लागलाय त्याचा, म्हणजे अनिलचा. पेपर इंग्रजीत असेल तर 'ऑफ'नंतरचं नाव. आणि दुसरा म्हणजे मध्ये एक जण.

आता माझी चूक. ज्याच्या डाव्या-उजव्यावरून अट दिलीय त्याचं तोंड कोड्यात सांगितलेलं नसेल, तर दोन केस करायच्या. मी केल्या नाहीत. वर्षभर सगळे केंद्राकडेच बघणारी कोडी सोडवलेली, त्यामुळं तोंड दिलं नाही म्हणजे आतच असणार, असं मी धरून चाललो. मी ते धरलंय हे मला कळलंही नाही. म्हणून प्रत्येक नावाशेजारी बाण काढायची सवय लावा: आत, बाहेर, किंवा माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हावरून हात मोजायची वेळ आली की थांबा आणि दुसरा गोल काढा.

त्याच धाटणीचं एक छोटं कोडं रचून दाखवतो. अनिल, बाळू, चंदू, दत्ता, गौरी, मीना गोल टेबलाभोवती बसलेत, काही जण आत बघतात, काही बाहेर. अनिलचं तोंड केंद्राकडे, आणि बाळू त्याच्या डावीकडे दुसरा. चंदू बाळूच्या लगेच उजवीकडे. गौरी बाळूच्या बरोबर समोरच्या जागेवर. मीना गौरीची शेजारीण. दत्ता आणि मीना शेजारी नाहीत.

अनिल 1 वर. तो आत बघतो, म्हणून डावीकडे दुसरा म्हणजे 3, तिथं बाळू. इथवर शंका नाही. पुढं चंदूची अट, आणि बाळूचं तोंड कुठं ते कुणी सांगितलंय? कुणीच नाही. दोन गोल! पहिल्या गोलात बाळू आत बघतो, त्याचा उजवा हात उलट दिशेला, चंदू 2 वर. दुसऱ्यात बाळू बाहेर बघतो, चंदू 4 वर.

गौरी दोन्ही गोलांत 6 वर. तिचे शेजारी 5 आणि 1, आणि 1 वर अनिल आहे, म्हणून मीना दोन्हीकडे 5 वर. दत्ताला उरलेली जागा: पहिल्यात 4, दुसऱ्यात 2. दोन्ही गोल भरले, आणि दोन्ही दिसायला तितकेच खरे. परीक्षेत मी असा पहिलाच काढला होता आणि भरला म्हणून प्रश्नांकडे गेलो. शेवटची नकाराची अट मात्र तशीच राहिली. पहिल्या गोलात दत्ता 4 वर, मीना 5 वर, म्हणजे शेजारी. गोल बाद. दुसऱ्यात ते समोरासमोर येतात, चालतं. म्हणजे बाळू बाहेरच बघतोय, आणि तोंड न सांगताही कोड्यानं ते सांगितलं.

यातून नकाराच्या अटींचं काम लक्षात घ्या. 'शेजारी नाही', 'समोर नाही' या अटी कुणाला बसवत नाहीत, त्या फक्त गोल मारतात. म्हणून त्या वाचतानाच कागदाच्या कोपऱ्यात वेगळ्या लिहून ठेवा, आणि गोलात नवा माणूस आला की त्या कोपऱ्यावर नजर टाका. गोल बाद करताना त्यावर फुली मारा आणि शेजारी कारण लिहा, 'द-म शेजारी' एवढं पुरे. खोडू नका. पुढं कुठंतरी अडलात तर फुली बरोबर मारली होती का, ते तपासायला तो गोल लागतो. आणि एक गोल जुळला म्हणून दुसरा सोडून देऊ नका. दुसरा मरेपर्यंत पहिला खरा ठरत नाही. दोन्ही जगले तर एखादी अट वाचायची राहिलीय किंवा हात उलटा मोजलाय.

पुन्हा सांगतो: तोंड दिलेलं नाही, दोन केस. 'बहुतेक आतच असेल' चालणार नाही.

'समोर' आणि 'विरुद्ध दिशेला' यात गल्लत करू नका. समोर ही जागा आहे, 1 च्या समोर 4. विरुद्ध दिशा हे तोंड आहे, एक आत तर दुसरा बाहेर. शेजारी बसलेल्या दोघांची तोंडंही विरुद्ध दिशेला असू शकतात.

सरळ ओळीचं थोडक्यात. ओळीला टोक असतं, तिथून सुरू करा. 'टोकापासून दुसरा' म्हटलं आणि कुठलं टोक ते दिलं नाही तर तिथंही दोन केस. 'उजवीकडे तिसरा' मोजताना ओळ संपली तर ती केस तिथंच बाद, गोलात असं फुकट कधी मिळत नाही. समोरासमोर दोन ओळी असतील तर वरची दक्षिणेकडे तोंड करून, खालची उत्तरेकडे. खालच्यांचा उजवा हात कागदाच्या उजवीकडे, वरच्यांचा कागदाच्या डावीकडे. बाण काढा. एकाच ओळीत काही उत्तरेला, काही दक्षिणेला असतील तर वरचंच सगळं लागू: प्रश्नचिन्ह, दोन केस.

वेळ: आयबीपीएस पीओच्या पूर्व परीक्षेत रिझनिंगला 35 प्रश्न, 20 मिनिटं. चार केस उघड्या राहिल्या आणि पाच मिनिटं गेली तर संच सोडा. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा जातो, अंदाजानं ठोकू नका. आकृती झाल्यावर पहिल्या अटीपासून शेवटच्या अटीपर्यंत एकदा बोट फिरवा, वीस सेकंद लागतात. आणि बोट फिरवताना एखाद्या नावाशेजारी बाण नसेल, तर त्याच्या हातावरून काही मोजलंय का, ते आधी बघा.