mtr मधला ७२ टक्के लॉस खरा नव्हता, ६ टक्के खरा होता

सर्व्हरवर SSH ने काम करताना टायपिंग मध्येच अडकायचं. सर्व्हरपर्यंतच्या वाटेत प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे हॉपवर, किती पॅकेटना उत्तर आलं नाही ते दाखवणारं mtr चालवलं. खाली फक्त पत्ते (बदललेले) आणि Loss% ठेवलाय:

```
mtr -n -r -c 200 203.0.113.40

1  192.168.1.1     6.5%
2  10.20.0.1       6.0%
3  198.51.100.9   72.0%
4  198.51.100.33   6.5%
5  203.0.113.40    6.0%
```

नजर थेट तिसऱ्या ओळीवर जाते. पण तिथे खरोखर ७२ टक्के पॅकेट गळत असती, तर चौथ्या आणि पाचव्या हॉपपर्यंत ती पोचलीच नसती. तो राउटर पॅकेट पुढे नीट पाठवतो; फक्त TTL संपलेल्या पॅकेटला द्यायचं ICMP उत्तर त्याच्या सीपीयूला तयार करावं लागतं आणि त्यावर मर्यादा घातलेली असते. `-i 5` देऊन पॅकेट सावकाश पाठवली की असा आकडा बरेचदा उतरतो.

म्हणून मी आधी शेवटची ओळ वाचतो. तिथे लॉस शून्य असेल तर मधले आकडे सोडून द्यायचे. इथे ६ टक्के होता. मग खालून वर जात तो कुठून सुरू होतो ते शोधायचं: थेट पहिल्या हॉपपासून, म्हणजे घरातल्याच वाय-फायपासून. अर्ध्या टक्क्याचा फरक २०० पॅकेटमध्ये एकाच पॅकेटचा असतो, त्याला अर्थ नाही.

लॅपटॉप केबलने राउटरला जोडला. शेवटच्या हॉपवर ०.०%, टायपिंग सुरळीत. तिसरी ओळ मात्र अजूनही सत्तरीतच आहे.

लॉस मधल्या हॉपपासून शेवटपर्यंत टिकला असता, तर सर्व्हरकडून उलट दिशेनेही mtr घेतलं असतं, कारण परतीचा रस्ता वेगळा असू शकतो.